उलट भाषांतर जुळलं म्हणजे इंग्रजी बरोबर, असं धरावं का?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड: आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला एवढंच कळवायचंय: "माल सोमवारी निघणार होता, पण ड्रायव्हर म्हणे आजारी पडला, तरी आम्ही बुधवारीच पाठवला आहे." (मुदत शुक्रवारची होती.) भाचीनं इंग्रजी केलं: "द गुड्स वुड लीव्ह ऑन मंडे, बट द ड्रायव्हर फेल इल, वी सेंट देम ओन्ली ऑन वेन्सडे." तिच्या मैत्रिणीकडून ते परत मराठीत करून घेतलं, तर "माल सोमवारी निघणार होता, पण ड्रायव्हर आजारी पडला, आम्ही तो बुधवारीच पाठवला" असं आलं. जवळपास आमचंच वाक्य. माझ्या मते तपासणी झाली. पाठवून देऊ ना?

दस्तऐवज: थांबा, पाठवू नका. कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. तुमच्या वाक्यातली सगळ्यात मोठी चूक या उलट तपासणीत दिसणारच नाही.

तुम्ही "बुधवारीच" म्हणताय ते "शुक्रवारची वाट न बघता, बुधवारी उरकलंसुद्धा" अशा अर्थानं. आधीचं "तरी" तो अर्थ पक्का करतं. इंग्रजीतलं "ओन्ली ऑन वेन्सडे" मात्र "बुधवार उजाडेपर्यंत पाठवलाच नाही" असं सांगतं. म्हणजे गिऱ्हाइकाला तुम्ही लेखी कबुली देताय की आम्ही उशीर केला. आता हे इंग्रजी मराठी माणसानं परत मराठीत आणलं की त्याच्या हातून काय उतरणार? "बुधवारीच". कारण आपल्या "च"मध्ये दोन्ही अर्थ मावतात. अर्थ उलटा झाला, तरी अक्षरं जुळली. "तरी" गळालं होतं, तीच खूण होती, पण ती किरकोळ वाटून सुटली.

भागवत_मास्तर: पूर्ण पटलं नाही. उलट भाषांतर ही काही घरगुती युक्ती नव्हे. आजारपणाविषयीच्या प्रश्नावल्या एका भाषेतून दुसरीत नेताना जगभर हीच रीत वापरतात. आणि मोठी चूक "च"ची नाही, काळाची आहे. "पाठवला आहे" हा पूर्ण वर्तमानकाळ, तिथे "सेंट" हा साधा भूतकाळ आलाय. "वी हॅव सेंट देम ऑन वेन्सडे" असं हवं. शाळेत आम्ही हेच शिकवत आलो.

दस्तऐवज: मास्तर, प्रश्नावल्यांच्या कामात उलट भाषांतरावर थांबत नाहीत. नवीन भाषेतली प्रश्नावली थोड्या लोकांपुढे ठेवून "हे वाचून तुम्हाला काय कळलं?" असं विचारतात. त्या पायरीवर बऱ्याच चुका सापडतात, आणि इथे नेमकी तीच राहिली आहे.

काळाबद्दल तुमचं निदान बरोबर, औषध चुकलं. "पाठवला आहे"मध्ये "माल आत्ता वाटेवर आहे" हे दडलेलं आहे आणि "सेंट"मध्ये ते येत नाही, हे खरं. पण इंग्रजीत "ऑन वेन्सडे"सारखा नेमका, उलटून गेलेला दिवस सांगितला की "हॅव सेंट" चालत नाही. मराठीत "मी काल पाठवलंय" बिनधास्त चालतं, म्हणून आपल्याला ते खटकत नाही. तिथे "सेंट"च ठेवावं लागेल. वाटेवर असल्याचं सांगायचं तर वेगळं वाक्य करावं.

काळ खरा सरकलाय तो पहिल्या तुकड्यात. "निघणार होता" म्हणजे ठरलं होतं, झालं नाही. "वुड लीव्ह" सुटं वाचलं की इंग्रजी वाचणारा विचारतो, "कशावर अवलंबून?" तिथे "वॉज ड्यू टू लीव्ह" किंवा "वॉज सपोज्ड टू लीव्ह" हवं. मैत्रिणीनं ते बरोबर "निघणार होता" केलं, कारण तीही आपल्यासारखीच मराठीतून इंग्रजी वाचते. दोघींची सवय एक, म्हणून दोघींची चूक एकमेकींत मिटून गेली.

पूर्व_भाग: "म्हणे"बद्दल कोणीच बोललं नाही की ओ! आमच्या घरी तेलुगू. "वच्चाडंट" म्हटलं की "आला म्हणे". कन्नडवाल्यांचं "अंते" तसंच. ऐकीव गोष्ट आहे, मी बघितली नाही, एवढं त्या एका शेपटात येतं. इंग्रजीत ते गेल्यावर ड्रायव्हर आजारी होता याची हमी तुम्ही घेतली असं झालं. उद्या ट्रान्सपोर्टवाला म्हणाला "आमचा ड्रायव्हर ठणठणीत होता", तर खोटं तुम्ही बोललात. आम्ही सरळ "इट सीम्स" लावतो. "द ड्रायव्हर फेल इल, इट सीम्स."

दस्तऐवज: "म्हणे" पकडलंत हे फार महत्त्वाचं. पण "इट सीम्स" आपल्याकडे, हैदराबाद-बंगळूरपर्यंत "म्हणे"सारखं समजतं. बाहेरचा माणूस त्याचा अर्थ "मला असं दिसतंय" असा लावतो, म्हणजे अंदाज तुमचाच ठरतो. "वी वेअर टोल्ड" लिहा.

सिव्हिल_लाइन्स: माझाही असाच प्रकार. पुतण्यानं त्याच्या परदेशी साहेबाला "पोचलोच"चं "आय रीच्ड" असं पाठवलं. साहेब खाली उतरून बघतो तर हा अजून सात रस्ता चौकात. मग अशा कामाला सोलापुरात शिक्का मारून देणारा भाषांतरकार कोण? दर काय असतो?

भागवत_मास्तर: तुमचं उदाहरण इथे लागू आहे. रूप भूतकाळाचं, गोष्ट पुढच्या क्षणाची. पण शिक्क्याचा प्रश्न वेगळा, इथे साध्या पत्राला त्याची गरज नाही.

चाटी_गल्ली_व्यापारी: मी धंद्याच्या बाजूनं विरोधात बोलतो. "म्हणे" मुद्दाम गाळावं. मराठीत त्यात "आमचा तरी कुठे विश्वास बसलाय" अशी छटा येते. गिऱ्हाइकाला ते कशाला? माल कधी निघाला आणि कधी पोचणार, एवढं कळलं की झालं. ड्रायव्हरची ओळच काढा.

दस्तऐवज: काढायची तर मराठीतूनच काढा, आणि ते मालकानं ठरवावं. भाषांतर करणाऱ्यानं परस्पर गाळलं तर मालकाला कळतही नाही की आपण कशावर सही करतोय. छटेबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. "वी वेअर टोल्ड"मध्ये ऐकीवपणा येतो, संशय येत नाही. इथे तेवढाच पुरे असं मला वाटतं.

टॉवेलवाले, आता असं करा. मराठी वाक्यावरून चार प्रश्न आधी कागदावर लिहा: सोमवारी माल निघाला का? ड्रायव्हर आजारी होता हे कोण सांगतंय? बुधवार म्हणजे लवकर की उशीर? माल आत्ता कुठे आहे? मग मूळ मराठी न पाहिलेल्या, इंग्रजीत सहज वावरणाऱ्या कुणाला तरी फक्त इंग्रजी वाचायला द्या आणि हे विचारा. भाचीच्या वाक्यावर तिसऱ्याचं उत्तर "उशीर" येईल आणि चौथ्याचं "माहीत नाही".

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड: पुण्याच्या चुलत भावाला फोनवर वाचून दाखवलं. बुधवारचं ऐकल्यावर तो म्हणाला, "दोन दिवस लेट झालात, माफी का नाही मागितली?" आता भाचीनं असं केलंय: "द गुड्स वेअर ड्यू टू लीव्ह ऑन मंडे, बट वी वेअर टोल्ड द ड्रायव्हर हॅड फॉलन इल. वी स्टिल डिस्पॅच्ड देम ऑन वेन्सडे, टू डेज बिफोर द फ्रायडे डेडलाइन. दे आर नाउ ऑन देअर वे टू न्हावाशेवा." चालेल?

दस्तऐवज: चालेल. "ॲज अर्ली ॲज वेन्सडे" केलं नाही हे बरं. शेजारीच सोमवार असताना ते फुशारकीसारखं वाचलं असतं. "च"चं काम मुदतीनं केलं.

भागवत_मास्तर: पण शुक्रवार मूळ वाक्यात कुठे होता? न्हावाशेवा कुठे होतं? गाळण्याला तुमचा विरोध, मग भरीला परवानगी कशी?

दस्तऐवज: "च" आणि "आहे" यांत जे होतं तेच उघड करून लिहिलंय. शुक्रवार दोघांनाही ठाऊक आहे. बंदराचं नाव मात्र जास्तीचं आहे, "ऑन देअर वे" एवढं पुरलं असतं.

भागवत_मास्तर: शुक्रवारही जास्तीचाच. कोर्टाच्या कागदात तुम्ही असं लिहिलं असतंत का?

दस्तऐवज: नसतं लिहिलं. तिथे "ऑन वेन्सडे" ठेवून खाली टीप दिली असती. पत्राला टीप देता येत नाही, म्हणून इथे मी मुदत लिहिण्याच्या बाजूनं आहे.

चाटी_गल्ली_व्यापारी: ड्रायव्हर अजून आहेच की त्यात.