मदत हवी आहे: बिलिंग क्लाउडवर नेताना काकांना नेमकं काय सांगू?

काकांच्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर क्लाउडवर न्यायचंय. "म्हणजे माझी वही दुसऱ्याच्या घरी ठेवायची?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, हो, वही क्लाउड कंपनीच्या कपाटात आणि किल्ली आपला पासवर्ड. दुकानातला कॉम्प्युटर बिघडला तरी वही शाबूत. एवढं त्यांना पटलं.

अडलंय ते नेट गेल्यावर काय होतं इथे. काउंटर दोन आहेत. शेवटचं बिल ४१२० असताना नेट गेलं आणि दोघांनी ऑफलाइन बिलं केली, तर दोन्हीकडे पुढचा क्रमांक ४१२१ पडू शकतो. नेट आल्यावर सॉफ्टवेअरने एकाचा क्रमांक बदलला, तरी गिऱ्हाइकाच्या हातातल्या कागदावर जुनाच राहणार. म्हणून प्रत्येक काउंटरला वेगळी मालिका द्यावी असं मला वाटतं: अ-१, ब-१ अशी. पण शिल्लक मालाचा घोळ त्याने सुटत नाही. शेवटचा एकच नग दोन्हीकडे शिल्लक दिसणार.

कुणी दोन काउंटरवर मुद्दाम नेट काढून चाचणी घेतली आहे का? शिल्लक किती वेळाने जुळली? आणि हे काकांना कोणत्या शब्दांत सांगितलंत? शिवाय वर्गणी बंद केली तर जुनी बिलं एक्सेलमध्ये उतरवून मिळतात का, हे करार करण्याआधी कसं तपासलंत?