मदत हवी आहे: कायम रात्रपाळी, दुपारी मोडणारी झोप आणि घरातली चिडचिड

पाळीकर
नमस्कार. माझी कायम रात्रपाळी आहे, रात्री 10 ते सकाळी 6. घरी पोचायला 7 वाजतात. मुलीची शाळेची तयारी उरकून 8ला आडवा होतो. झोप लगेच लागते, पण 12च्या सुमारास डोळे टक्क उघडतात. मग 3 वाजेपर्यंत नुसतं कूस बदलत पडायचं आणि जड डोक्यानं उठायचं. परवा मुलगी चित्र दाखवायला आली तर मी तिच्यावर खेकसलो. ती कागद घेऊन मुकाट्यानं आईकडे गेली. बायको हल्ली कामापुरतंच बोलते. आठवड्याच्या दोन सुट्ट्यांना मी सगळ्यांसारखा रात्री झोपतो. गोळ्या नको आहेत. सलग आठ तास झोप कशी मिळेल?

बोका
जाड पडदे लावा. मिट्ट अंधार केला की मेंदूला रात्रच वाटते, मग आठ तास आरामात. मी असंच करतो.

कंदील
पडदे हवेतच, पण तेवढ्यानं भागणार नाही. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात खाली असतं आणि सकाळभर चढत जातं. तुम्ही झोपता तेव्हा शरीर जागं व्हायला निघालेलं असतं. पहिले चार तास थकव्याच्या जोरावर निभतात. थकवा ओसरला की शरीराचं घड्याळ तुम्हाला उठवतं. म्हणून 12 वाजता जाग येते.

मी बरीच वर्षं रात्रपाळी केली आणि पाळीत नव्यानं येणाऱ्यांना हेच सांगत आलो: सलग आठ तासांचा हट्ट सोडा, झोपेचे दोन तुकडे करा. 8 ते 12 किंवा साडेबारा ही मुख्य झोप. जाग आली आणि वीसेक मिनिटांत परत झोप लागली नाही, तर उठा. तीन तास तळमळण्यातच तुमचा वैताग साठतो. दुसरा तुकडा साडेतीन ते पाच. दुपारी शरीर आपसूक सुस्तावतं, तेव्हा झोप लागते. तीच डुलकी 7-8 वाजता काढू म्हणाल तर बहुतेकांना जमत नाही, त्या वेळी शरीर सगळ्यात तरतरीत असतं.

शेवटचा चहा-कॉफी किती वाजता घेता?

पाळीकर
साडेचारला. त्याशिवाय शेवटचा दीड तास निघत नाही.

कंदील
मग तो 8 वाजताही अंगात असतो. झोप लागते, पण उथळ. रात्री 2 नंतर बंद करून बघा. कामावर परवानगी असेल तर 3च्या सुमारास वीस मिनिटं डोळे मिटा. त्याहून जास्त झोपलात तर उठल्यावर गुंगी राहते, म्हणून गुंगी पूर्ण उतरल्याशिवाय यंत्राला हात लावू नका.

जाईजुई
आमच्याकडे दर आठवड्याला पाळी बदलते: रात्र, मग दुपार, मग सकाळ. हे दोन तुकडे मलाही चालतील का?

कंदील
तुमचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या पाळ्या उलट्या फिरतात. सकाळ, दुपार, रात्र हा क्रम शरीराला सोपा जातो, कारण उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा जमतं. क्रम बदलून मागा. त्यावर वेगळा धागा काढा.

पाळीकर, सुट्टीला रात्री 11ला झोपणं हेच तुमचं मोठं दुखणं आहे. दोन दिवसांत घड्याळ परत फिरतं आणि पहिल्या पाळीला सगळं नव्यानं सुरू. सुट्टीला पहाटे 3 ते सकाळी 11 झोपा. म्हणजे 8 ते 11 हा भाग रोज झोपेचाच राहतो.

उंबरठा
मी रात्रपाळीवाल्याची बायको. वरचं वाचायला बरं वाटतं, पण सुट्टीची सकाळ एवढीच आम्हाला एकत्र मिळते. तीही झोपेत गेली तर मुलांनी बाप कधी बघायचा? आम्ही एक केलं: तो उठल्यावर पहिला अर्धा तास कुणी काही विचारत नाही. पैसे, शाळा, दुरुस्त्या सगळं कागदावर लिहून ठेवते, जेवण झाल्यावर बोलतो. झोपताना त्याचा फोन सायलेंट, पण माझा नंबर वाजतो. भांडणं थांबली नाहीत, पण झोपेतून उठल्या उठल्या होणारी थांबली.

कंदील
सुट्टीच्या सकाळीबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, माझ्याकडे त्याला चोख उत्तर नाही. एका सुट्टीला 2ला झोपून 9ला उठणं हा मधला मार्ग. थोडं नुकसान होतं.

बोका
घरी येताना काळा चष्माही लावा, सकाळचं ऊन झोप घालवतं.

कंदील
स्वतः गाडी चालवत नसाल तरच. पेंगुळलेला माणूस काळ्या चष्म्यानं आणखी पेंगतो. डोळे मिटत असतील तर तिथेच डुलकी काढून निघा. आणि पाळीकर, तुम्ही घोरता का? झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का?

पाळीकर
बायको म्हणते घोरतो, मध्येच एकदम शांत होतो आणि दचकतो. ते थकव्यानं असेल असं वाटलं होतं.

कंदील
तसं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास थांबत असेल तर वेळापत्रक कितीही नीट बसवलं तरी डोकं जडच राहील. बायकोला सोबत न्या, तुम्ही झोपेत काय करता ते तिनंच पाहिलंय.

पाळीकर
या आठवड्यात जातो. दुपारची डुलकी आजपासून, पण मुलगी साडेतीनलाच शाळेतून येते. 4 ते साडेपाच चालेल का?

कंदील
चालेल. आधी तिच्याबरोबर अर्धा तास बसा.