विषय: भाचीची टॉवेल कारखान्यातली इंटर्नशिप संपत आली, कायम नोकरीचं कसं मागावं?

समीर:
नमस्कार मंडळी. माझी भाची मीनल सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्यात जानेवारीपासून इंटर्न आहे. ३० जूनला संपेल. काम तिला मनापासून आवडलंय आणि तिथेच राहायचंय, पण अजून कोणी विषय काढलेला नाही. हातात तीन आठवडे आहेत. तिने काय करावं?

प्रशांत:
समीर, काळजी करू नकोस. अप्रेंटिस कायद्याप्रमाणे ट्रेनिंग पूर्ण झालं की कंपनीला नोकरी द्यावीच लागते. एचआरला तसं स्पष्ट लिहून दे म्हणावं.

सुधाकरकाका:
प्रशांत, असं पत्र तिने मुळीच देऊ नये. १९६१ च्या त्या कायद्यात, करारातच तशी अट लिहिली असेल तरच मालकावर नोकरी द्यायचं बंधन येतं. शिवाय मीनल कॉलेजतर्फे इंटर्न आहे, अप्रेंटिसचा करारच झालेला नसणार.

समीर, मी सोलापुरात विव्हिंग खात्यात आयुष्य काढलंय, म्हणून विचारतो: तिने नेमकं काय केलं? "खूप शिकले" हे शेठला सांगून उपयोग नाही.

समीर:
काका, तिला फोन लावला. तिच्याकडे आठ माग होते. कोणता माग कशामुळे थांबतो याची नोंद ती वहीत ठेवायची. पाईलचा, म्हणजे टॉवेलवरच्या फासांचा, धागा काही मागांवर त्याच त्याच जागी तुटत होता. तिथली धागे वेगवेगळे ठेवणारी फणी झिजली होती. चार मागांच्या फण्या मे अखेरीस बदलून घेतल्या. आधी एक माग पाळीत साधारण २० वेळा थांबायचा, आता १२ वेळा. म्हणजे आठ थांबे वाचले.

अदिती:
मला सिएटलमध्ये इंटर्नशिपनंतर ऑफर मिळाली ती शेवटच्या आठवड्यातल्या डेमोमुळे. वीस स्लाइड्स केल्या होत्या, सगळ्या टीमला बोलावलं होतं. मीनलनेही तसंच करावं. स्लाइड्स मी बघून देईन!

सुधाकरकाका:
अदिती, तुझा अनुभव खरा आहे, पण इथे शेठ सकाळी शेडमध्ये चक्कर मारतात, तेव्हा हातात देता येईल असा एकच कागद लागतो. आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणं इथे महागात पडेल, कारण जागा आधीच दुसऱ्याला कबूल झालेली असू शकते.

समीर, पोरीचं काम चोख आहे. पण तो आठाचा आकडा तसाच पुढे करू नये. सोलापूरच्या मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत, कितीही दमटपणा सोडला तरी धागा तुटतो. जूनमध्ये पाऊस आला की थांबे आपोआप कमी होतात. विव्हिंग मास्तर पहिला प्रश्न हाच विचारणार. ज्या चार मागांच्या फण्या बदलल्या नाहीत, त्यांचे त्याच दिवसांचे आकडे काय?

समीर:
तेही वहीत आहेत. २० चे १७ झाले.

सुधाकरकाका:
मग तीन थांबे पावसाचे, पाच फणीचे. पाचच सांगावेत.

आता त्याचा टॉवेलमध्ये हिशोब. एक थांबा सरासरी चार मिनिटांचा धरला तर पाळीला २० मिनिटं वाचली, म्हणजे ४८० मिनिटांतली चार टक्के. माग मिनिटाला ३०० पिकं, म्हणजे आडवे धागे, टाकत असेल तर ६,००० पिकं. एका टॉवेलच्या लांबीला २,५०० पिकं आणि रुंदीत तीन टॉवेल शेजारी धरले, तर मागामागे पाळीला सात टॉवेल. चार मागांवर २८. वेग, पिकं आणि थांब्याची वेळ तिने आपल्या मागांवरून तपासून घालावी, माझे आकडे अंदाजाचे आहेत. नव्या फणीचा खर्चही त्याच कागदावर लिहावा. तो लपवला तर बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसत नाही.

खाली दोन ओळी: उरलेल्या चार मागांच्या फण्या कधी बदलायच्या, आणि ३० जूननंतर ही नोंद कोण ठेवणार. दुसऱ्या ओळीतच तिची जागा आहे. पाळीच्या गडबडीत मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरला हे जमत नाही, म्हणून तर फण्या इतके दिवस झिजत राहिल्या.

कागद आधी मास्तरला दाखवावा. त्याला डावलून वर गेली तर तोच विरोध करेल, आणि शेठ शेवटी त्यालाच विचारणार. याच आठवड्यात सरळ विचारावं, "सर, ट्रेनी इंजिनिअरची जागा आहे का, आणि ठरवतं कोण?"

प्रशांत:
कायद्याचं मी सरसकट धरलं होतं. पण "पुढे बघू" म्हणाले तर?

सुधाकरकाका:
मग "कधीपर्यंत कळेल?" म्हणून तारीख मागावी. तारीख देत नसतील तर कॉलेजच्या प्लेसमेंटमधलं नाव काढू नये.

अदिती:
इचलकरंजीतून दुसरी ऑफर आली, तर ती इथे सांगावी का? माझ्या मते सांगावी, लगेच हालचाल होते.

सुधाकरकाका:
मला पटत नाही. आमच्याकडे "मग जा तिकडे" हे ऐकायला वेळ लागत नाही. पण माझा जमाना वेगळा होता, इतरांनी सांगावं.

समीर:
काका, मीनल म्हणते जॉबर थांब्याची वेळ मोजू देतोय, उद्या दुसऱ्या पाळीत घड्याळ घेऊन उभी राहणार आहे. मास्तर गुरुवारी भेटतील.