बँकेला पाठवायच्या प्रगती-पत्रात नुकसान लिहावे की तोंडी सांगावे?

काजूघर_वेंगुर्ले: माझा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना असून बँकेकडे २५ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा आहे. मे महिन्याच्या पावसात गोदामातील ४ टन काजू बी भिजली आणि एका व्यापाऱ्याकडचे ६ लाख साडेतीन महिने अडकले आहेत. शाखेला हंगामाचा आढावा पाठवायचा आहे. मसुद्यात मी इतकेच लिहिले आहे: "हंगाम एकंदरीत समाधानकारक असून पावसामुळे काही माल किंचित बाधित झाला आहे. वसुलीचे प्रयत्न सुरू आहेत." हे पुरेसे आहे का, की आकड्यांसह लिहावे?

अडतदुकान: एवढेसुद्धा लिहू नका. व्यवस्थापक साहेबांना चहाला भेटा आणि तोंडी सांगा. मी ४ वर्षांपूर्वी असाच प्रामाणिकपणा केला होता. हळदीचा भाव पडल्याचे पत्र दिले, तर पुढच्या नूतनीकरणात मर्यादा १० लाखांनी कमी झाली आणि घराचे तारण मागितले गेले. बोललेले विसरले जाते, पण कागद फाइलीत राहतो आणि नव्याने बदलून आलेला अधिकारी आधी तोच वाचतो.

निवृत्त_कर्ज_अधिकारी: अडतदुकान यांचा अनुभव खरा असणार, तो मी नाकारत नाही. परंतु काजूघर, मला तुमच्या पत्रापेक्षा स्टॉक स्टेटमेंटची, म्हणजे बँकेला दिलेल्या माल आणि येण्याच्या तपशिलाची, काळजी वाटते. गेल्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये ती ४ टन बी कोणत्या भावाने दाखवली होती आणि ते ६ लाख ९० दिवसांच्या आतील येण्यात धरले होते का?

काजूघर_वेंगुर्ले: बी खरेदीच्या भावाने, म्हणजे १५० रुपये किलोने दाखवली. येणे सगळे एकत्रच लिहिले होते. त्यानुसार ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येण्याच्या आधारावर उचलता येणारी रक्कम, १८ लाख निघाली आणि खात्यावर १७ लाख उचललेले आहेत. मालावर २५ टक्के आणि येण्यावर ४० टक्के मार्जिन बँक वजा करते.

निवृत्त_कर्ज_अधिकारी: मग पत्रातील "किंचित" हा शब्दच तुम्हाला अडचणीत आणेल. भिजलेल्या बीचा थोडा माल फोडून उतारा पाहिला असेल ना?

काजूघर_वेंगुर्ले: हो. एरवी १०० किलो बीला २७ किलो गर मिळतो, या मालाला २१ किलोच मिळाला. शिवाय डागी गर आणि पाकळी जास्त निघाली.

निवृत्त_कर्ज_अधिकारी: आता हिशोब पाहा. डागी गराचा कमी भाव बाजूला ठेवला, तरी केवळ उताऱ्यामुळे ६ लाखांच्या बीची किंमत ४ लाख ६७ हजारांच्या आसपास येते, सावधपणे ४ लाख ६० हजार धरू. मालाचे मूल्य खरेदी किंमत आणि बाजारभाव यांतील जे कमी असेल ते धरायचे असते, म्हणून १ लाख ४० हजार वजा करावे लागतील आणि मार्जिन काढल्यावर ड्रॉइंग पॉवर १ लाख ५ हजारांनी घटेल. ९० दिवसांवरील येणे बहुतेक मंजुरीपत्रांत धरले जात नाही. तुमच्या पत्रातही तीच अट असेल, तर ६ लाखांमुळे आणखी ३ लाख ६० हजार जातील. म्हणजे खरी ड्रॉइंग पॉवर १३ लाख ३५ हजार होते आणि खाते ३ लाख ६५ हजारांनी वर गेलेले दिसते. स्टॉक ऑडिटला आलेला माणूस गोणी उघडून नाकाजवळ नेईल, तेव्हा बुरशीचा वास त्याला कळेल. त्या दिवशी नुकसान तुमचे राहील, पण चर्चा खोट्या स्टेटमेंटची होईल.

हिशोबनीस_७२: एवढी घाई कशाला? ९० दिवस होईपर्यंत खाते थकीत धरले जात नाही. तोपर्यंत व्यापाऱ्याचे पैसे आले, तर कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही.

निवृत्त_कर्ज_अधिकारी: ९० दिवसांचे आपले म्हणणे अनुत्पादक वर्गीकरणापुरते बरोबर आहे. मात्र कॅश क्रेडिट खाते ड्रॉइंग पॉवरच्या वर सलग ३० दिवसांहून अधिक राहिले की ते एसएमए-१ मध्ये, म्हणजे थकण्याच्या वाटेवरील खात्यांच्या वर्गात, जाते आणि ६० दिवसांनंतर एसएमए-२ मध्ये. मुदत कर्जाच्या हप्त्याची मोजणी वेगळी असते, तिथे पहिल्या दिवसापासूनच नोंद होते. शिवाय ९० दिवसांत खात्यावर लागलेल्या व्याजाएवढाही भरणा झाला नाही, तरी खाते बिघडते. अशा स्थितीत तोंडी सांगितल्याची कुठेच नोंद नसते. प्रो निट्स विरुद्ध कॅनरा बँक या प्रकरणात १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची चौकट बँकांवर बंधनकारक मानली, पण उद्योजकाने वेळीच कागदपत्रांसह पुढे आले पाहिजे, हेही सांगितले. तुमचे नुकसान त्या चौकटीपर्यंत जाण्याएवढे नाही. तरी तारखेसह लिहिलेल्या कागदाचे मोल त्यावरून कळते.

दूधप्रकल्प_ताई: माझ्याकडे बँक नाही, बाहेरचे गुंतवणूकदार आहेत. मी दर तिमाहीला शीतकरण यंत्र बिघडल्यापासून सगळे लिहिते, आणि एकाने तर स्वस्तात जुना कॉम्प्रेसर मिळवून दिला. काजूघर दादांनीही मोकळेपणाने लिहावे.

अडतदुकान: ताई, गुंतवणूकदार नफ्यातला भागीदार असतो, म्हणून तो कॉम्प्रेसर शोधतो. बँकेला तुमच्या नफ्यातला वाटा मिळत नाही, तिला फक्त बुडण्याचे भय असते. दोघांना एकच पत्र चालत नाही.

निवृत्त_कर्ज_अधिकारी: हा मुद्दा मला मान्य आहे. बँकेला वाचायचे असते ते तीनच गोष्टींविषयी: किती घटले, कशामुळे, आणि फरक कुठल्या पैशाने कधी भरणार. यात एक बारकावा आहे. चांगला गर विकून फरक भरला, तर तेवढा साठाही कमी होतो आणि ड्रॉइंग पॉवर पुन्हा खाली येते. जुने येणे वसूल झाले, तर मात्र ते आधीच वगळलेले असल्यामुळे पूर्ण रकमेचा उपयोग होतो. व्यापारी काय म्हणतो?

काजूघर_वेंगुर्ले: ३ लाख या महिनाअखेरीस आणि उरलेले ३ लाख पुढच्या महिन्यात देतो, असे त्याने लेखी दिले आहे. माझी स्वतःची १ लाखाची ठेव आहे. नवा मसुदा असा केला आहे:

"मे महिन्यातील पावसात गोदामाच्या पश्चिम भिंतीतून पाणी शिरून ४ टन काजू बी भिजली. चाचणीत उतारा २७ वरून २१ टक्क्यांवर आला असून त्या साठ्याचे मूल्य ६ लाखांऐवजी ४ लाख ६० हजार धरले आहे. एका खरेदीदाराकडील ६ लाखांचे येणे ९० दिवसांहून जुने झाल्याने ते वगळले आहे. मागील स्टेटमेंटमध्ये हे दोन्ही बदल झाले नव्हते, म्हणून सुधारित स्टेटमेंट सोबत जोडले आहे. त्यानुसार उचल ड्रॉइंग पॉवरपेक्षा ३ लाख ६५ हजारांनी जास्त आहे. त्यापैकी ६५ हजार या आठवड्यात स्वतःच्या ठेवीतून भरत आहे आणि ३ लाख खरेदीदाराच्या हप्त्यातून महिनाअखेरीस येतील. हप्ता न आल्यास त्याच दिवशी कळवीन. उरलेली बी कोरडी असून तिची प्रक्रिया नेहमीप्रमाणे सुरू आहे."

निवृत्त_कर्ज_अधिकारी: यात एकच भर घाला. हप्ता आला नाही तर नुसते कळवून भागणार नाही, ते ३ लाख दुसरीकडून कसे उभे करणार तेही लिहा. आणि व्यापाऱ्याच्या लेखी कबुलीची प्रत जोडा.

अडतदुकान: पत्र नीट झाले आहे, तरी माझे मत तेच आहे. "मागील स्टेटमेंटमध्ये झाले नव्हते" हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहून देणे मला धोक्याचे वाटते. निदान आधी साहेबांना भेटा आणि मग पत्र द्या.

निवृत्त_कर्ज_अधिकारी: भेट अवश्य घ्या, पण पत्र हातात घेऊनच जा आणि प्रतीवर पोच घ्या.

काजूघर_वेंगुर्ले: सोमवारी जातो. हप्ता न आल्यास त्या ३ लाखांची दुसरी सोय अजून सुचलेली नाही, त्यामुळे ते वाक्य तूर्त कोरे आहे.