५जी वायरलेसवर स्पीड भरपूर, तरी रात्री गेम अडकतो. हे इंटरनेट गेमसाठी आहे की नाही?

कोयनाकाठ: पाटण तालुक्यात घर आहे, फायबर गावात आलेलं नाही. भिंतीवर डबा लावून ५जी वायरलेस घेतलंय. स्पीड टेस्टला दुपारी १५० डाऊन, १४ अप आणि २८ पिंग दिसतो. व्हॅलोरंट मुंबई सर्व्हरवर खेळतो. रात्री नऊनंतर पिंग मध्येच ३०० पार जातो आणि समोरचा खेळाडू उडी मारल्यासारखा दिसतो. यात सुधारणा होऊ शकते, की सॅटेलाइटची वाट बघू?

तारवाला: स्पष्ट सांगतो, रँक्ड खेळायचं असेल तर वायरलेसच्या नादी लागू नका. फायबरवर साताऱ्याहून मुंबई सर्व्हरला १० च्या आसपास पिंग मिळतो आणि तो दिवसभर तिथेच राहतो. वायरलेसवर एका टॉवरची हवा शंभर घरं वाटून घेतात. शेजारचा काय डाऊनलोड करतोय यावर तुमचा सामना ठरणार. केबलवाल्याला चार घरांनी मिळून वायर ओढायला लावा.

सह्याद्री५जी: टॉवर लांब असणार. अंतर वाढलं की पिंग वाढतोच. डबा टॉवरच्या दिशेला वळवा आणि मोठा प्लॅन घ्या, ३०० वाला.

टॉवरखालची: डबा वळवायचा सल्ला बरोबर आहे, कारण मात्र वेगळं. टॉवर ५ किलोमीटर लांब असला तरी तिथवर जाऊन यायला मिलिसेकंदाचा जेमतेम तिसावा भाग लागतो. काचेतून मुंबईपर्यंत २०० किलोमीटर जाऊन यायला साधारण २ मिलिसेकंद पुरतात. बाकीचा वेळ रेडिओवर पाठवायची पाळी येण्यात आणि रांगेत जातो. सिग्नल कमकुवत असला की पॅकेट खराब पोचतं, ते पुन्हा पाठवावं लागतं आणि प्रत्येक खेपेला काही मिलिसेकंद वाढतात. पिंग वरखाली होतो तो त्यामुळे. मोठ्या प्लॅनने यातलं काहीच बदलत नाही.

कोयनाकाठ, आधी दोष कुठे आहे ते वेगळं करू. लॅपटॉप केबलने राऊटरला जोडा, वायफाय नको. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून एकीत राऊटरचा पत्ता आणि दुसरीत हे चालवा:

```
ping -t 1.1.1.1
```

दुपारी एकदा आणि रात्री नऊला एकदा, पाच-पाच मिनिटं बघा. रात्री तिसऱ्यांदा मोबाइलवरून एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावून बघा. अपलोडचा रात्रीचा स्पीडही टिपून ठेवा.

कोयनाकाठ: केलं, ताई. राऊटर तिन्ही वेळा १ च्या आत. 1.1.1.1 दुपारी ३० ते ४२. रात्री काहीच चालू नसताना ३८ ते ७५, अधूनमधून ११०. अपलोड लावल्याबरोबर ३२०, आणि ते थांबेपर्यंत तिथेच. रात्रीचा अपलोड ७. घरातल्या दोन फोनचे फोटो रात्रीच बॅकअप होतात हे आत्ता लक्षात आलं.

टॉवरखालची: मग तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत.

पहिला ३२० चा. रात्रीचा सरासरी पिंग ४५ धरला तर २७५ मिलिसेकंद जास्तीचे. अपलोड सेकंदाला ७ मेगाबिट असताना एवढी रांग म्हणजे डब्यात सुमारे २४० किलोबाइट फोटो तुंबलेले. गेमचं पॅकेट जेमतेम शे-दोनशे बाइटचं, पण ते त्या फोटोंच्या मागे उभं राहतं. म्हणून आपल्याच राऊटरवर अपलोडला टॉवरपेक्षा थोडं अरुंद दार लावायचं, म्हणजे रांग आपल्याकडे लागते आणि गेमच्या पॅकेटला पुढे जाता येतं. ओपनडब्ल्यूआरटी चालणारा राऊटर डब्याच्या मागे जोडा, त्यात रांग सांभाळणारं एसक्यूएम हे पॅकेज बसवा, इंटरफेस म्हणून वॅनचं पोर्ट निवडा आणि प्रकार केक ठेवा. आकडा दुपारच्या १४ वरून काढायचा नाही. रात्रीच्या ७ च्या ऐंशी टक्के घ्यायचे, म्हणजे साडेपाचच्या आसपास:

```
uci set sqm.@queue[0].download='0'
uci set sqm.@queue[0].upload='5500'
uci set sqm.@queue[0].enabled='1'
uci commit sqm
/etc/init.d/sqm restart
```

आकडा किलोबिटमध्ये आहे, आणि डाऊनलोडला ० म्हणजे तिकडे अजून दार नाही. आणि कंपनीच्या डब्याचं किंवा कंपनीच्या जुन्या राऊटरचं वायफाय बंद करा, सगळे फोन नव्या राऊटरवर घ्या. एकही फोन त्यावर राहिला तर त्याचे फोटो या दाराला वळसा घालून जातील आणि पिंग पुन्हा ३०० ला जाईल. लोक इथेच चुकतात.

दुसरा दोष ११० चा, घरात काहीही चालू नसतानाचा. ती टॉवरवरची गर्दी आहे. तिला राऊटरवर औषध नाही. डबा दुसऱ्या टॉवरकडे वळवून रात्रीच पुन्हा मोजणं एवढंच हातात आहे.

तारवाला: म्हणजे अपलोड अर्धा करून, वर नवा राऊटर घेऊनही ११० चे झटके राहणारच. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदाला एकदा. नेहमीपेक्षा ४० मिलिसेकंद उशीर झाला की पाच हिशेब तुमच्याविना होतात. याला खेळण्यासारखं म्हणायचं का?

टॉवरखालची: दर मिनिटाला असा झटका असेल तर नाही. दहा मिनिटांत दोनदा असेल तर मी हो म्हणेन. चांगल्या सिग्नलवर २५ ते ४५ पिंग आणि ५ ते १५ चा चढउतार, ही ५जी वायरलेसकडून ठेवायची खरी अपेक्षा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर याहून वाईट, कारण फोन बॅटरी वाचवायला मधेमधे डुलकी घेतो आणि घरात आतला अँटेना लहान.

ओंटारिओकर: आमच्याकडे कॅनडात शेतावर स्टारलिंक आहे. डाऊनलोड २०० च्या वर जातो, नेटफ्लिक्स ४के कधी अडकत नाही. भारतातही लायसन्स मिळालंय, सरळ तेच घ्या.

टॉवरखालची: प्रश्न डाऊनलोडचा नाही, पिंगच्या स्थिरतेचा आहे. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत, त्यामुळे ३० ते ५० पिंग शक्य आहे. पण तिथे दर १५ सेकंदांनी कोणता उपग्रह कोणाला हे नव्याने ठरतं आणि त्या क्षणी पिंग उडी मारतो, कधी पॅकेटही पडतं. ओंटारिओकर, तुमच्याकडे झाड आड येतंय का ते अॅपमधल्या अडथळ्याच्या चित्रात बघा. थोडं लाल असलं तरी व्हिडिओला कळत नाही, कारण तो पुढचा साठा करून चालतो. गेमला लगेच कळतं. आणि भारतात लायसन्स जून २०२५ मध्ये मिळालं, पण त्यावरून पाटणमधला पिंग सांगता येत नाही. सिग्नल जमिनीवर कुठल्या स्टेशनला उतरतो आणि तिथून मुंबई किती लांब, यावर तो ठरेल.

सह्याद्री५जी: डीटीएचसारख्या छत्रीवर मिळणारं जुनं सॅटेलाइट नेट स्वस्तात मिळालं तर?

टॉवरखालची: ते उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात. सिग्नल चार वेळा तेवढं अंतर कापतो, म्हणजे नुसता प्रकाशालाच ४७७ मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात ६०० च्या वर. बुद्धिबळ खेळा, व्हॅलोरंट नाही.

कोयनाकाठ: एसक्यूएम लावलं. बॅकअप चालू ठेवून रात्री नऊला ४२ ते ८०, ३२० गेलं. व्हॅलोरंटच्या नेटवर्क आरटीटीच्या आलेखात १० मिनिटांत तीन टोकं दिसली, सगळी १०० च्या वर. डबा अजून वळवला नाही.

तारवाला: तीन टोकं म्हणजे तीनदा मरणं. मी केबलवाल्याच्या बाजूनेच आहे.

टॉवरखालची: टोकं आली तेव्हा कोणी व्हिडिओ बघत होतं का, ते आधी सांगा. डाऊनलोडची रांग आपण अजून हातात घेतलेली नाही.