मदत हवी आहे: लेकीचा घसा, ॲझिथ्रोमायसिन द्यावं की अमॉक्सिसिलिन?

धोपावे_आई
नमस्कार मंडळी. लेक सात वर्षांची, वजन २० किलो. परवा रात्रीपासून ताप आहे, काल १०२ पर्यंत गेला. थुंकी गिळतानाही रडते. टॉर्च धरून पाहिलं तर टॉन्सिल लालबुंद आणि त्यांवर पांढरे ठिपके. जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी आल्यात, हात लावू देत नाही. खोकला नाही, नाक वाहत नाही. गणपतीला मुंबईहून आलेल्या चुलत भावाचाही घसा असाच धरला होता. त्याला तिकडच्या डॉक्टरांनी स्ट्रेप जंतूचा संसर्ग म्हणून दहा दिवसांचं अमॉक्सिसिलिन दिलंय.

इथले डॉक्टरही स्ट्रेपच असावा म्हणाले. मी सांगितलं की तीन वर्षांची असताना तिला अमॉक्सिसिलिन चालू असताना पुरळ आलं होतं. म्हणून त्यांनी ॲझिथ्रोमायसिनचं सिरप दिलं, रोज ५ मिली, तीन दिवस. बाटली अजून उघडलेली नाही. जाऊबाई म्हणतात, भावाला लागू पडलं तेच दे. काय करू?

औषधवाले_काका
पेनिसिलिन आणि त्याची भावंडं आता जुनी झाली. इतकी वर्षं वापरून जंतू त्यांना सरावलेत. ॲझिथ्रो जोरदार आहे, शिवाय तीन दिवसांत काम संपतं. माझ्या दुकानातून घशासाठी तेच जातं. भावाच्या बाटलीतलं मात्र काही देऊ नका. पुरळाचं डॉक्टरांना सांगितलंत ते योग्य केलंत.

मालवणची_मावशी
बाय माझे, घसा हलक्यात घेऊ नकोस. माझ्या धाकट्या दिरांचे लहानपणी असेच घसे धरायचे. पुढे सांधे सुजले आणि हृदयाची झडप खराब झाली. अजून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. तुझ्या लेकीलाही ते आताच सुरू कर.

डॉ_सागरगोटा
मी चिपळूणला मुलांचा दवाखाना चालवतो. मावशी, ते इंजेक्शन संधिवाताचा ताप येऊन गेलेल्यांना तो पुन्हा येऊ नये म्हणून असतं. या मुलीचा तो प्रश्न नाही. तिचा घसा नीट बरा करणं हाच तिच्यासाठी त्यावरचा उपाय.

ताई, आधी मला त्या पुरळाबद्दल सांगा. औषध सुरू केल्यावर कितव्या दिवशी आलं? उठलेल्या, खाजणाऱ्या गांधी होत्या की चपटे डाग? ओठ, डोळे सुजले का? श्वास लागला का? कातडी सोलली किंवा तोंडात फोड आले का?

धोपावे_आई
पाचव्या दिवशी आलं. पाठीवर आणि पोटावर बारीक लाल चपटे ठिपके, खाज नव्हती. सूज, फोड काही नाही, खेळत होती. तेव्हा तिला सर्दीताप होता. औषध बंद केलं आणि चार दिवसांत ठिपके गेले. तेव्हापासून फाइलवर लाल शाईने ‘ॲलर्जी’ लिहिलंय.

डॉ_सागरगोटा
व्हायरल तापात अमॉक्सिसिलिन चालू असताना असं उशिराचं, चपटं पुरळ मुलांना बऱ्याचदा येतं. त्यावरून पेनिसिलिन जन्मभर बाद करायचं कारण नाही. तासाभरात गांधी उठल्या असत्या, ओठ सुजले असते, श्वास लागला असता, तर गोष्ट वेगळी. तसं झालं असतं तर अमॉक्सिसिलिन नाहीच, आणि मॅक्रोलाइड, म्हणजे ॲझिथ्रोच्या घरातलं औषध, हाच रास्त पर्याय. फोड येणं, कातडी सोलणं हेही तितकंच गंभीर. तुम्ही सांगताय ते यातलं काहीच नाही.

काका, सरावलेले जंतू असतात हे खरं, पण घशातला हा स्ट्रेप त्यांतला नव्हे. पेनिसिलिन वापरात येऊन ऐंशी वर्षं झाली, तरी उपचारात त्याला दाद न देणारा हा जंतू सापडलेला नाही. उलट मॅक्रोलाइडला न जुमानणारे स्ट्रेप जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. आणि ते घरी कळत नाही. स्ट्रेपचा ताप तीन-चार दिवसांत आपोआपही उतरतो. आपल्याला वाटतं औषध लागू पडलं, जंतू मात्र घशात तसाच राहतो.

ताई, बाटलीवर ५ मिलीमागे किती मिलिग्रॅम लिहिलंय आणि बाटली किती मिलीची आहे?

धोपावे_आई
५ मिलीत २०० मिलिग्रॅम. बाटली १५ मिलीची.

डॉ_सागरगोटा
म्हणजे अख्ख्या बाटलीत ६०० मिलिग्रॅम. स्ट्रेपसाठी ॲझिथ्रो द्यायचंच तर किलोमागे १२ मिलिग्रॅम, तेही पाच दिवस. तुमच्या लेकीला रोज २४०, एकूण १२०० मिलिग्रॅम लागेल. तीन दिवसांची ही बाटली त्याच्या निम्मी आहे. बाटली संपली म्हणजे उपचार झाला असं इथेच वाटून जातं.

बाटली उघडू नका, आणि अमॉक्सिसिलिनही घरच्या घरी देऊन बघू नका. आधी घशाचा स्वॅब घेऊ, कारण अँटिबायोटिक पोटात गेल्यावर तपासणी फसवते. कल्चरला एक-दोन दिवस जातात, तेवढा वेळ आपल्याकडे आहे. आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाला तरी संधिवाताचा ताप टळतो. मात्र लाळ गळायला लागली, तोंड उघडेना किंवा श्वासाला आवाज आला तर रात्र असली तरी निघा.

कुडाळ_जीपी
सर, शास्त्र पटतं. पण ताप उतरला की दहा दिवस अमॉक्सिसिलिन देतो कोण? २५० वाल्या सिरपचे तिला दिवसाला २० मिली, म्हणजे दहा दिवसांत ६० मिलीच्या चार बाटल्या. कालवलेली बाटली फ्रिजात ठेवायची आणि आठवड्यात टाकायची. पावसात आमच्याकडे वीज दोन-दोन दिवस नसते. अर्धवट सोडलेल्या अमॉक्सिसिलिनपेक्षा पूर्ण घेतलेलं पाच दिवसांचं ॲझिथ्रो मला बरं वाटतं.

डॉ_सागरगोटा
अडचण खरी आहे. मी अशा घरांना पाण्यात विरघळणाऱ्या २५० च्या गोळ्या देतो, सकाळी दोन, रात्री दोन. चारही एकदम दिल्या तरी चालतं. या गोळ्यांना फ्रिज लागत नाही. दहा दिवस होणारच नाहीत अशी खात्री असेल तर बेंझाथीन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन, २७ किलोखालच्या मुलाला सहा लाख युनिट. पण या मुलीला ते आज देणार नाही. गोळी बंद करता येते, दिलेलं इंजेक्शन काढून घेता येत नाही.

कुडाळ_जीपी
गोळ्यांचं मान्य. पण पुरळाचा इतिहास असताना मी तरी सेफॅलेक्सिन लिहीन. माझ्या दवाखान्यात अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन, रिॲक्शन येते का बघत तासभर बसवायला जागा नाही.

डॉ_सागरगोटा
उशिराचं, साधं पुरळ असेल तर सेफॅलेक्सिन चालतं. तेही दहाच दिवस द्यावं लागतं.

धोपावे_आई
उशिरा लिहितेय. तुमचं म्हणणं इथल्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी स्वतःच चिपळूणला चिठ्ठी दिली. स्वॅब घेतला. कल्चरमध्ये स्ट्रेप निघाला. अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस दवाखान्यात, ॲड्रेनालिन जवळ ठेवून दिला आणि तासभर बसवून ठेवलं. काही झालं नाही. आज चौथा दिवस आहे, पेज सोडून भात-आमटी खायला लागली. फाइलवरचं लाल शाईचं आता खोडायचं का?

डॉ_सागरगोटा
इतक्यात नको. मागचं पुरळ पाचव्या दिवशी आलं होतं. दहा दिवस पूर्ण होऊ देत, मग ज्यांनी डोस दिला त्यांच्याकडूनच तारखेसकट लिहून घ्या. मधे डाग दिसले तर फोटो काढा, गोळी थांबवा आणि त्यांना फोन करा.

धोपावे_आई
बरं. धाकट्याचाही घसा कालपासून दुखतोय. त्याला खोकला आहे, नाक गळतंय, आवाज बसलाय. त्याचाही स्वॅब करू का?

डॉ_सागरगोटा
वाहतं नाक, खोकला, बसलेला आवाज ही व्हायरलची लक्षणं. एरवी नको म्हटलं असतं. घरात स्ट्रेप निघालाय, म्हणून ताप आला किंवा गिळताना जास्त दुखायला लागलं तर दाखवा. तोवर त्याला ना ही गोळी, ना ती बाटली.