सामायिक कॅलेंडरमध्ये दोन नोंदी एकमेकींवर आल्या, तर हलायचे कोणी?

दारावरची पाटी (प्रश्न)

आम्हा दोघांचे मिळून एक सामायिक कॅलेंडर आहे आणि "ज्याची नोंद आधी, त्याची वेळ पक्की" असा नियम आम्ही ठरवून घेतला आहे. येत्या गुरुवारी मुलीच्या शाळेने पालकभेटीसाठी दुपारी 4:20 ते 4:40 ही वेळ दिली आहे, मी त्या दिवशी बाहेरगावी आहे आणि पतींच्या कार्यालयातली साप्ताहिक आढावा बैठक 4 ते 5 असते. बैठकीची नोंद वर्षभरापूर्वीची असल्यामुळे नियमाप्रमाणे भेटच हलवावी लागते. मला हे पटत नाही, पण नियम मोडायलाही मन धजत नाही. तुम्ही काय कराल?

टाचण

गेली अनेक वर्षे मी कार्यालयातल्या वरिष्ठांची वेळापत्रके सांभाळत आलो आहे, त्यामुळे माझे मत आधी स्पष्टच मांडतो. दर आठवड्याला येणाऱ्या नोंदीला हा नियम लागू होऊच नये. एकदाच घडणाऱ्या दोन कामांमध्ये "आधी कोणी नोंदवले" हे पाहणे ठीक आहे, कारण तिथे प्रत्येकाने एकेकच वेळ मागितलेली असते. साप्ताहिक बैठक मात्र कोणीतरी एकदा पाच मिनिटांत टाकलेली असते आणि त्या एका नोंदीच्या बळावर पुढचे सगळे गुरुवार तिच्या नावावर चढतात. वर्षभरापूर्वी ती टाकणाऱ्याने या गुरुवारचा विचार केलेलाच नव्हता, म्हणून या गुरुवारच्या बैठकीला वर्षभराची ज्येष्ठता मिळण्याचे काही कारण नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. कॅलेंडरमध्ये तुम्हाला वीस मिनिटांची टक्कर दिसते आहे, पण कार्यालयातून शाळेत जायला किती वेळ लागतो? पंचवीस मिनिटे धरली, तर 3:55 ला निघावे लागेल आणि 5:05 ला परत पोहोचता येईल. म्हणजे पूर्ण बैठक बुडते, आणि "अर्धा वेळ बसून मग जातो" हा मधला मार्ग मुळातच नाही. ही मिनिटे नोंदीत नसल्यामुळे पुष्कळ घरांत आदल्या दिवशी असे काहीतरी कबूल केले जाते आणि ऐनवेळी दोन्हीकडे उशीर होतो. म्हणून आधी भेटीची नोंद 3:55 ते 5:05 अशी करा आणि मग निर्णयाला बसा.

त्यानंतर मी एवढेच पाहीन की या वेळी जे चुकेल ते पुन्हा कधी मिळेल. आढावा पुढच्या गुरुवारी आहेच. शाळेची पुढची भेट कदाचित काही महिन्यांनी येईल.

आधीची नोंद

टाचण यांचे प्रवासाच्या वेळेबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पण नियम सोडून देण्याच्या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. "काय पुन्हा मिळेल" हे ठरवणार कोण? आमच्या घरी तीन वर्षे याच कसोटीवर निर्णय होत असत. मी घरूनच शिकवण्या घेते, त्यामुळे माझी वेळ कायम "हलवता येण्यासारखी" ठरत असे आणि दुसऱ्याची कायम "न हलणारी". प्रत्येक वेळचा निर्णय सुटा पाहिला तर योग्यच वाटायचा, पण वर्षाच्या शेवटी मागे वळून पाहिले, तेव्हा टक्कर झाली त्या जवळजवळ प्रत्येक वेळी मीच हलले होते. दोन विद्यार्थ्यांनी तेवढ्यासाठी शिकवणी सोडली.

तारखेचा नियम आंधळा असतो, हे मला माहीत आहे. पण तो आंधळा आहे म्हणूनच घरातल्या वजनदार माणसाकडे झुकत नाही. दर आठवड्याच्या नोंदीची अडचण असेल, तर त्या नोंदीची ज्येष्ठता दर तीन महिन्यांनी संपेल आणि ती नव्याने मान्य करून घ्यावी लागेल, असे ठरवता येईल. तेवढी दुरुस्ती करा, पण नियम ठेवा.

रात्रपाळी

आमचीही हीच अडचण आहे. मी गेल्या महिन्यात कौटुंबिक कॅलेंडरमध्ये "दिवसभर" अशी नोंद टाकली होती, तरीही सहकाऱ्यांनी त्याच दिवशी माझी दोन तासांची बैठक लावली आणि ॲपने कोणालाही काहीच इशारा दिला नाही. माझ्या मते ॲपच बिघडलेले आहे आणि तुमच्याकडेही तेच झाले असणार. दुसरे ॲप घेऊन पाहा.

टाचण

रात्रपाळी, इथे प्रश्न थोडा वेगळा आहे, पण तुमच्या बाबतीत ॲप बिघडलेले नसावे. दिवसभराची नोंद टाकली की बऱ्याच ॲपमध्ये ती आपोआप "मोकळा" म्हणून नोंदली जाते, कारण वाढदिवस किंवा सुट्टी अशा नोंदींमुळे कोणाचा पूर्ण दिवस अडू नये, असा त्यामागचा हेतू असतो. नोंद उघडून ती "व्यस्त" करावी लागते. नोंद फाईलच्या रूपात बाहेर काढली, तर ही गोष्ट एका ओळीत दिसते:

```
TRANSP:TRANSPARENT
```

याचा अर्थ असा की ही नोंद वेळ अडवत नाही. वेळ अडवणाऱ्या नोंदीत तिथे `OPAQUE` असते. दुसरे कारण असे की कौटुंबिक कॅलेंडर कार्यालयातल्या माणसांना सहसा दिसतच नाही. त्यांना फक्त तुमचे कार्यालयाचे कॅलेंडर दिसते आणि त्यात तुम्ही मोकळे असता.

हे मूळ प्रश्नालाही लागू आहे. पाटीताईंच्या पतींच्या कार्यालयीन कॅलेंडरमध्ये गुरुवारी ही भेट कुठेच नसणार. तिथे 3:55 ते 5:05 "व्यस्त" अशी नोंद ठेवावी. कारण लिहायची गरज नाही.

"आधीची नोंद" यांच्या अनुभवाने मी अस्वस्थ झालो, तो मी नाकारत नाही. पण तारखेवरही माझा विश्वास नाही, आणि त्याला प्रत्यक्ष कारण आहे. नोंद कधी तयार झाली, हे बहुतेक ॲपमध्ये सहज दिसत नाही. फाईलमध्ये `CREATED` या ओळीत ते असते खरे, पण जुनी नोंद ओढून नव्या वेळेवर नेली तरी ती तारीख जुनीच राहू शकते आणि फक्त `LAST-MODIFIED` बदलते. म्हणजे मार्चमध्ये टाकलेली एखादी रिकामी नोंद आज गुरुवारवर ओढून आणणारा माणूस तुमच्या नियमाने जिंकतो. मी हे होताना पाहिले आहे. महिनोन्महिने पुढच्या वेळा "राखीव" असे लिहून अडवून ठेवणारे लोक असतात, आणि आंधळा नियम त्यांनाच सर्वात जास्त उपयोगी पडतो.

शिलेदार

मी बैठका बोलावणाऱ्यांच्या बाजूने लिहितो आहे. इथे सगळे "भेट की बैठक" असे बोलत आहेत, पण बैठकीत समजा सहा माणसे असतील, तर एकासाठी ती हलवणे म्हणजे पाच जणांच्या कॅलेंडरमध्ये नवी टक्कर निर्माण करणे होय. मागे मी नऊ जणांची बैठक अर्धा तास पुढे नेली. आमच्या ॲपमध्ये वेळ बदलल्यावर आधी दिलेले होकार रद्द होऊन सर्वांना पुन्हा विचारणा गेली. सात जणांनी पुन्हा होकार दिला, दोघांनी सूचना वाचलीच नाही आणि ते जुन्या वेळेला येऊन रिकाम्या खोलीत बसले. तेव्हापासून माझा आग्रह असा आहे की बैठक हलवू नये, ज्याला अडचण आहे त्याने त्या दिवसापुरती गैरहजेरी कळवावी आणि आपल्या कामाचा तपशील आदल्या दिवशी लेखी पाठवावा.

आणखी एक विनंती आहे. "कदाचित" असे उत्तर देऊ नका. बोलावणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. तो तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो, तुमच्या विषयासाठी वेळ ठेवतो आणि शेवटी दोन्ही वाया जातात.

टाचण

गैरहजेरीबद्दल मी सहमत आहे. "कदाचित" बद्दल नाही. दुसऱ्या बाजूचे उत्तर खरोखरच यायचे असेल, तर "कदाचित, बुधवारी दुपारपर्यंत नक्की सांगतो" हे खोट्या होकारापेक्षा प्रामाणिक असते. मुदत नसलेले "कदाचित" मात्र मीही स्वीकारत नाही.

शिलेदार

मुदत लिहिणारी माणसे मला फार थोडी भेटली आहेत, म्हणून मी माझ्या मतावर कायम आहे.

दारावरची पाटी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघे हे सगळे वाचत बसलो होतो. कार्यालय ते शाळा हे अंतर पंचवीस नव्हे तर पस्तीस मिनिटांचे आहे, म्हणजे यांना 3:45 ला निघून 5:15 ला परतावे लागेल. हा आकडा लिहून समोर ठेवेपर्यंत हे "मी मधेच उठून जाऊन येतो" असेच म्हणत होते. यांच्या बोलण्यातून असेही कळले की आढाव्यात यांना एक आठवडा सोडून बोलायचे असते आणि या गुरुवारी यांची पाळी नाही. वर्षभर आम्ही ती बैठक एकसारखी पक्की धरत होतो, पण तिच्यातले निम्मे गुरुवार तेवढे पक्के नाहीत, हे मला कधी माहीतच नव्हते.

यांनी नकार पाठवला आहे. पाठवताना ॲपने "फक्त ही बैठक की सर्व बैठका" असे विचारले आणि यांनी घाईत जवळजवळ "सर्व" वर बोट ठेवले होते, ते मी वेळेवर पाहिले. तसे झाले असते, तर पुढच्या सगळ्या गुरुवारांतून हे बाहेर पडले असते.

नियमाचे मात्र आमचे अजून ठरलेले नाही. "आधीची नोंद" यांनी लिहिलेले वाचून हे बराच वेळ गप्प होते.

आधीची नोंद

गुरुवार सुटला याचा आनंद आहे. पण पाटीताई, या वेळी हलणारी बाजू तुमच्या पतींची होती, आणि त्यांची पाळी नव्हती म्हणून ते सोपे गेले. पाळी असलेल्या गुरुवारी काय होते, ते मला पाहायचे आहे. तोवर एक काम कराच. प्रत्येक टक्कर सुटल्यावर त्याच नोंदीच्या तपशिलात "हलले कोण, कोणासाठी" एवढी एक ओळ लिहून ठेवा. टाचण यांची कसोटी वापरा किंवा माझी तारीख वापरा, पण सहा महिन्यांनी त्या ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचा. मी त्या लिहिल्या नव्हत्या, म्हणून तीन वर्षे मला फक्त थकवा जाणवत होता आणि घरात दाखवायला हाताशी काहीच नव्हते.

टाचण

ही ओळ मी उद्यापासून कार्यालयातही लिहायला लावणार आहे. तारखेबद्दलचे माझे मत बदललेले नाही, परंतु "काय पुन्हा मिळेल" हे दर वेळी एकाच माणसाने ठरवू नये, हे तुमच्यामुळे मला मान्य करावे लागते. ते कोणी ठरवायचे, याचे पटेल असे उत्तर आज माझ्याकडे नाही.